डब्यातली चिठ्ठी: एका पोळीभाजी केंद्राच्या प्रकल्प नोंदी

शुक्रवार, २ जानेवारी

कर्वेनगरमधल्या काकूंच्या केंद्रातून रोज दुपारी १४० डबे जातात. तीन फेऱ्या आहेत: वारजे–शिवणे ४२ डबे, कोथरूड–डहाणूकर कॉलनी ५२, एरंडवणे–डेक्कन ४६. चार पोळ्या, एक भाजी, आमटी किंवा वरण, भात. गेल्या दोन महिन्यांत डबे हळूहळू कमी झाले. काकूंना कारण कळत नाही, कारण कुणी तोंडावर काही बोलत नाही. महिना संपतो, पैसे चुकते होतात आणि "पुढच्या महिन्यापासून नको" असा निरोप येतो.

गिऱ्हाइकांना विचारायला म्हणून काकूंनी वहीत चौदा प्रश्न लिहून ठेवले होते. चव कशी, प्रमाण कसं, मेनूत काय हवं, भाव परवडतो का, मुलगा वेळेवर येतो का. सगळेच मनापासून लिहिलेले. पण डबा खाणारा माणूस जेवणाच्या सुट्टीत चौदा प्रश्न भरणार नाही, आणि जो भरेल तो एक तर फार प्रेमातला असेल किंवा फार रागावलेला. मला मधले लोक हवे आहेत.

म्हणून प्रत्येक प्रश्नाला एकच कसोटी लावली: या उत्तरामुळे स्वयंपाकघरात काही बदलता येईल का? भाव आत्ता बदलायचा नाही, मग तो प्रश्न गेला. "तुम्ही कुठे राहता" हे आपल्याला फेरीवरून माहीतच आहे, तोही गेला. जे आपल्या वहीत आहे ते गिऱ्हाइकाला विचारून त्याचा वेळ घालवायचा नाही.

शनिवार, ३ जानेवारी

तीन प्रश्न उरले.

पहिला: आजचा डबा कसा होता? चांगला, ठीक, आवडला नाही.

दुसरा: आजच्या डब्यातली कोणती एक गोष्ट खटकली? पुढे मोकळी जागा. खाली बारीक अक्षरात, "काही खटकलं नसेल तर रिकामं ठेवा."

तिसरा: डबा साधारण किती वाजता उघडलात? साडेबाराच्या आधी, साडेबारा ते दीड, दीडनंतर.

दुसऱ्या प्रश्नातला "आजच्या" हा शब्द मी मुद्दाम धरून ठेवला. "आमची सेवा कशी वाटते?" असं विचारलं की लोक आठवणींची सरासरी काढून "छान आहे" लिहितात. नुकत्याच घडलेल्या एका ठरावीक प्रसंगाबद्दल विचारलं की तपशील येतो. जॉन फ्लॅनगन या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये हीच पद्धत शिस्तीत मांडली. त्याआधी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी वैमानिकांच्या कामाचा अभ्यास करताना ती आकाराला आली होती. आमच्यासाठी तो प्रसंग म्हणजे आज दुपारचा डबा.

"एक गोष्ट" यावरून काकू आणि माझ्यात थोडा वाद झाला. त्यांचं म्हणणं, दोन-तीन लिहू देत की. पण एकच लिहायची म्हटल्यावर माणूस स्वतःच निवड करतो आणि जे सगळ्यांत जास्त सलतं तेच लिहितो. त्या निवडीतच अर्धी माहिती असते. काकूंना ते पटलं.

तिसरा प्रश्न साधा दिसतो, पण तो सगळ्यांत मोलाचा ठरेल असं मला वाटतं. डबा दारात कधी पोचला हे मुलाला माहीत असतं. तो उघडला कधी हे आम्हाला कुणालाच माहीत नाही.

काकूंच्या वाक्यांपैकी एक होतं: "जेवणाची चव आणि वेळ याबद्दल समाधानी आहात का?" यात दोन प्रश्न आहेत. डबा चविष्ट पण उशिरा आला तर उत्तर हो की नाही? असे जोडप्रश्न काढून टाकले. शेजारच्या इमारतीतल्या चार-पाच जणांकडून फॉर्म भरून घेतला आणि ते भरताना शेजारी बसून पाहिलं. कुणी अडखळलं नाही. मिनिटभरात उरकतं.

नाव विचारायचं नाही, हे पक्कं. काकूंना बहुतेक गिऱ्हाइकं ओळखतात. नाव लिहायचं म्हटलं की पोळी वातड होती असं कोण लिहील?

सोमवार, ५ जानेवारी

गूगल फॉर्म तयार केला. उत्तर कोणत्या फेरीतलं हे कळायला हवं, पण विचारायचं नाही. म्हणून फेरीचा एक छोटा रकाना ठेवला आणि तो आधीच भरलेल्या तीन वेगळ्या लिंक बनवल्या. फॉर्मच्या मेनूतच आधीच भरलेली लिंक घ्यायची सोय असते. लिंक साधारण अशी दिसते:

```
https://docs.google.com/forms/d/e/FORM_ID/viewform?usp=pp_url&entry.1234567=वारजे
```

तिन्ही लिंकचे तीन क्यूआर कोड काढले आणि डब्यातून पाठवायच्या चिठ्ठीवर छापले. फेरीचा रकाना भरणाऱ्याला दिसतो आणि त्याला तो बदलताही येतो, एवढं लक्षात ठेवायला हवं. पण बदलण्याचं काही कारण कुणाला नसतं.

मोबाइलवर न भरणारे बरेच आहेत. डहाणूकर कॉलनीतले आजी-आजोबा आहेत आणि वारजे–शिवण्याकडचे कारखान्यांतले कामगार. त्यांच्यासाठी चिठ्ठीच्या मागच्या बाजूला तेच तीन प्रश्न छापले. चिठ्ठीचा रंग फेरीप्रमाणे वेगळा: निळा, गुलाबी, पिवळा. भरलेली चिठ्ठी रिकाम्या डब्यातच परत पाठवायची.

वार ठरवले बुधवार आणि शुक्रवार. दोन्ही दिवशी तिन्ही फेऱ्यांना एकच मेनू जातो, हे महत्त्वाचं. एका फेरीला वांगं आणि दुसरीला बटाटा गेला असता, तर फरक फेरीचा की भाजीचा हे कळलंच नसतं. पुढचा आठवडा संक्रांतीचा असल्याने तो मुद्दाम टाळला. गुळपोळी आणि भोगीची भाजी असलेल्या डब्यावरची उत्तरं एरवीच्या डब्याबद्दल काहीच सांगणार नाहीत.

शुक्रवार, ९ जानेवारी

दोन दिवसांत २८० डबे गेले आणि ९६ उत्तरं आली. एरंडवणे–डेक्कन ३८, कोथरूड ४०, वारजे १८.

काही जणांनी दोन्ही दिवशी भरलं असेल. म्हणून यापुढे मी "९६ गिऱ्हाइकं" असं कुठेही म्हणणार नाही. एक उत्तर म्हणजे एक डबा.

वारज्याचा आकडा डोळ्यांत भरतो. तिकडचे ८४ डबे आणि उत्तरं १८. तिथल्या लोकांना तक्रार नाही असा याचा अर्थ होत नाही. परत आलेल्या डब्यांत कोऱ्या निळ्या चिठ्ठ्या तेलाने माखून आल्या. डिलिव्हरीच्या मुलाला विचारलं तर म्हणाला, "ताई, तिथे पेन कुठंय कुणाकडं?" पुढच्या वेळी चिठ्ठीबरोबर छोटी पेन्सिल द्यायची, असं ठरवलं.

शनिवार, १० जानेवारी

पहिला प्रश्न आधी पाहिला. चांगला ५८, ठीक २९, आवडला नाही ९. तिन्ही फेऱ्यांमध्ये प्रमाण जवळपास सारखंच. इथेच थांबलो असतो तर निष्कर्ष निघाला असता की सगळीकडे बरं चाललंय. असल्या गुणांची एवढीच धाव असते. काहीतरी कमी आहे एवढं ते सांगतात, काय कमी आहे ते सांगत नाहीत.

मग मोकळी उत्तरं. ४१ रिकामी किंवा "काही नाही", "मस्त". उरलेली ५५. पोळी, पोळ्या, चपाती, poli, chapati अशी सगळी रूपं आहेत. शीटमध्ये ती एका फटक्यात शोधता येतात:

```
=REGEXMATCH(LOWER(D2),"पोळ|चपात|poli|chapati")
```

पण हे सूत्र "पोळी छान होती, आमटी पातळ" यालाही पोळीची तक्रार मानतं. उत्तरं हजारात असती तर ते पत्करून पुढे गेले असते. ५५ उत्तरं चहा पिता पिता वाचून होतात, मग वाचावीत.

वाचण्याची रीत अशी ठेवली. आधी काहीही न ठरवता सगळी उत्तरं एकदा वाचली. दुसऱ्या वाचनात प्रत्येकापुढच्या रकान्यात गिऱ्हाइकाचाच शब्द उचलून लिहिला: "ओली", "वातड", "तेलकट", "सांडली". तिसऱ्या वाचनात त्या शब्दांचे गट केले. काकूंची मुलगी कॉलेजात आहे. तिला माझे गट न दाखवता तेच काम वेगळं करायला दिलं. नंतर दोघींच्या याद्या शेजारी ठेवल्या. सात-आठ ठिकाणी फरक पडला आणि त्यातला बराचसा पोळीपाशीच होता.

तिने पोळीच्या सगळ्या तक्रारी "पोळी खराब" या एका गटात टाकल्या होत्या. तसं केलं की पोळी २४, भाजी तिखट किंवा तेलकट ११, आमटी सांडणं ९, उशीर ६, इतर ५ असा सुटसुटीत तक्ता होतो. पोळी पहिली, म्हणजे पोळी करणाऱ्या मावशींशी बोला, असा सरळ निष्कर्ष निघतो. काकू तो तक्ता बघून उठल्याच होत्या.

मी त्यांना थांबवलं. त्या चोवीस उत्तरांत शब्द कोणते आहेत ते पाहा. अकरा उत्तरांत लिहिलंय ओली, चिकट, घाम सुटलेली, "एकमेकांना चिकटून लगदा". दहा उत्तरांत लिहिलंय वातड, चिवट, सुकी. तीन उत्तरांत पोळी जाड किंवा लहान आहे. ओली पोळी आणि वातड पोळी या उलट्या तक्रारी आहेत. दोन्हींवर एकच उपाय असूच शकत नाही. मावशींना "कणीक सैल भिजवा" सांगितलं तर वातडवाल्यांचं कदाचित भलं होईल आणि ओलीवाल्यांचं आणखी वाईट.

म्हणून पोळीचा गट फोडून दोन केले.

रविवार, ११ जानेवारी

आता फेरीप्रमाणे मोजणी. सूत्र साधंच:

```
=COUNTIFS(B:B,"वारजे",F:F,"वातड")
```

| | एरंडवणे–डेक्कन | कोथरूड | वारजे |
|---|---|---|---|
| उत्तरं | ३८ | ४० | १८ |
| ओली | ९ | २ | ० |
| वातड | १ | ३ | ६ |

हा तक्ता पाहिल्यावर बराच वेळ दुसरं काही सुचेना. पोळ्या त्याच, कणीक तीच, मावशी त्याच. तरी एका टोकाला पोळ्या ओल्या आणि दुसऱ्या टोकाला वातड.

काकू पटकन म्हणाल्या, "अगं, वारजेवाले उशिरा जेवतात, म्हणून." शंका रास्त आहे आणि ती तपासायला तिसरा प्रश्न हाताशी आहे. वारज्याच्या १८ पैकी १३ डबे दीडनंतर उघडलेत, हे खरं. पण एरंडवणे–डेक्कनलाही १२ डबे दीडनंतर उघडलेत आणि त्यांपैकी वातड एकच. कोथरूडला दीडनंतरचे ९, त्यांत वातड ३. नुसत्या उशिरा जेवण्याने पोळी वातड होत असती तर डेक्कनलाही झाली असती.

ओल्या पोळीचं उलट आहे. ती लवकर उघडणाऱ्यांनाही ओली मिळाली आणि उशिरा उघडणाऱ्यांनाही. म्हणजे जे काही होतंय ते डबा केंद्रातून निघण्याच्या आधी किंवा निघताच होतंय.

आकडे लहान आहेत. सहा आणि नऊ यांवरून टक्केवारी मांडायला मी तयार नाही. तरी कुठे जाऊन पाहायचं हे ठरवायला एवढे पुरतात.

सोमवार, १२ जानेवारी

सकाळी सव्वाआठला स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले आणि फक्त पोळीच्या मागे गेले.

दोघी मावशी लाटतात, तिसऱ्या मावशी दोन तव्यांवर भाजतात. पहिली पोळी सव्वाआठला उतरते, शेवटची साडेअकराला. वारज्याची फेरी लांबची म्हणून ती पावणेअकराला आधी निघते आणि तिच्या डब्यांत सगळ्यांत आधी भाजलेल्या पोळ्या जातात. त्या भाजून होतात सव्वानऊपर्यंत आणि डबे भरायला घेतात दहानंतर. तोवर पोळ्या मोठ्या परातीत असतात. वर एक पातळ फडकं, तेही अर्धं सरकलेलं. परात खिडकीखाली आणि जानेवारीतलं गार वारं थेट तिच्यावर. वरच्या पोळीची कड मी बोटांनी दुमडून पाहिली, ती दुमडायच्या ऐवजी उभी राहिली. मधल्या पोळ्या मऊ होत्या.

एरंडवणे–डेक्कनची फेरी शेवटची, पावणेबाराला निघते. तिच्या पोळ्या साडेदहानंतर भाजल्या जातात आणि घाईमुळे तव्यावरून काही मिनिटांतच स्टीलच्या डब्यात जातात, वर झाकण घट्ट. भरलेला एक डबा मी पाच मिनिटांनी उघडायला लावला. झाकणाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमले होते आणि वरच्या पोळीवर ओले गोल डाग पडले होते.

दोन्हीचं कारण मावशींना माझ्याआधी माहीत होतं. गरम पोळीतून वाफ निघत राहते. ती गार स्टीलला लागली की पाणी होऊन परत पोळीवरच पडते. उघडी ठेवली तर तीच वाफ उडून जाते, आणि पोळी गार होते तसा गव्हातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो म्हणून ती चिवट लागते. भाजणाऱ्या मावशी म्हणाल्या, "आम्ही घरी पोळी आधी जाळीवर टाकतो, मग फडक्यात गुंडाळून डब्यात. इथं जागा कुठंय?" गिऱ्हाइकांच्या अकरा आणि दहा उत्तरांनी जे सांगितलं, त्यावरचा उपाय या बाईंकडे होता. त्यांना कुणी विचारलं नव्हतं एवढंच.

दुपारी वारज्याच्या फेरीबरोबर गेले. एका वर्कशॉपमध्ये पावणेदोनला जेवायला बसलेल्यांनी मला पोळी तोडून दाखवली. दोन हातांनी ओढावी लागली. त्यातल्या कुणीच चिठ्ठी भरली नव्हती. कोऱ्या चिठ्ठ्यांमागे काय आहे हे एवढं पाहिल्यावर कळलं.

मंगळवार, १३ जानेवारी

बदल दोनच करायचे, दोन फेऱ्यांना एकेक.

वारज्याच्या पोळ्या उघड्या परातीत ठेवायच्या नाहीत. झाकणाच्या मोठ्या डब्यात तळाला आणि वर जाड सुती फडकं घालून, वाफ जिरल्यावर झाकून ठेवायच्या. डबा खिडकीपासून लांब.

एरंडवणे–डेक्कनच्या पोळ्या तव्यावरून उतरल्यावर जाळीवर चार-पाच मिनिटं पसरायच्या, मग कागदात गुंडाळून डब्यात. त्यासाठी भिंतीला घडीची फळी बसवून घेतली.

कोथरूडला काहीही बदलायचं नाही. काकूंना हे जड गेलं. "मग त्यांनी काय पाप केलंय?" पण थंडी कमी झाली तरी पोळी सुधारेल, नवी कणीक आली तरी सुधारेल. एक फेरी जशीच्या तशी ठेवली तरच आपल्या बदलाने काय झालं ते ओळखता येईल. दोन आठवड्यांपुरतंच, असं म्हणून त्या तयार झाल्या.

आणखी एक काम आजच केलं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ज्यांनी डबा बंद केला त्यांना मी फोन केले. चिठ्ठी फक्त चालू डब्यांत जाते, सोडून गेलेले तिच्यात कधीच दिसणार नाहीत. काकूंनी केला असता तर सगळ्यांनी "गावी गेलो" सांगितलं असतं, म्हणून मी केला. प्रश्न एकच: डबा बंद करायचं ठरवलं त्या दिवशी काय झालं होतं? बरेच जण खरंच घर बदलून गेले होते. वारज्याच्या दोघांनी पोळीचं नाव घेतलं. एका बाईंनी आमटी बॅगेत सांडून कागद भिजल्याचं सांगितलं.

शनिवार, २४ जानेवारी

बुधवारी आणि शुक्रवारी चिठ्ठ्या पुन्हा गेल्या. प्रश्न तेच, शब्द तेच, वार तेच. वारज्याला चिठ्ठीबरोबर पेन्सिल. तिकडून या वेळी २६ उत्तरं आली.

| | एरंडवणे–डेक्कन | कोथरूड | वारजे |
|---|---|---|---|
| उत्तरं | ३५ | ३७ | २६ |
| ओली | २ | २ | १ |
| वातड | १ | ३ | ४ |

एरंडवणे–डेक्कनच्या ओल्या पोळ्या नऊवरून दोनवर आल्या आणि न बदललेल्या कोथरूडचे आकडे जागच्या जागी आहेत. जाळीचा उपयोग झाला, असं मी आता काकूंना सांगू शकते. सोमवारपासून कोथरूडच्या पोळ्याही जाळीवर जातील.

वारज्याबद्दल तसं सांगणार नाही. १८ पैकी सहा आणि २६ पैकी चार हा फरक योगायोगानेही पडू शकतो. शिवाय पेन्सिलमुळे उत्तर देणारी माणसंच बदलली आहेत. आधी फार चिडलेलेच लिहीत असतील आणि आता साधे लोकही लिहीत असतील, तर पोळी तशीच राहूनही प्रमाण घटलेलं दिसेल. ओलीचं एक उत्तर तिकडून पहिल्यांदाच आलंय, म्हणजे कुठल्या तरी दिवशी पोळ्या फार लवकर झाकल्या गेल्या असाव्यात. मावशींशी बोलले. हात लावून कोमट लागेपर्यंत झाकायच्या नाहीत, असं ठरलं.

वारज्याचं खरं दुखणं दीड-दोन तासांच्या थांबण्यात आहे. फडकं ते कमी करतं, घालवत नाही. काकू फेब्रुवारीत भाजीचं काम आधी उरकून पोळ्या पाऊण तास उशिरा सुरू करून पाहणार आहेत. त्यासाठी तिसरा तवा लागेल, आणि गॅसची शेगडी बदलायची की नाही यावर त्यांचा हिशोब चालू आहे.

आमटी सांडण्याच्या तक्रारी पहिल्या वेळी नऊ होत्या, या वेळी आठ. तिन्ही फेऱ्यांत विखुरलेल्या आहेत, वेळेशीही काही संबंध दिसत नाही. म्हणजे कारण रस्त्यात किंवा पोळीसारखं भरण्याच्या वेळेत नसावं. परत आलेल्या डब्यांपैकी ज्यांच्या झाकणातली रबरी रिंग सैल झालीय ते सोमवारी वेगळे काढायचे आणि त्यांच्या तळाला मार्करने खूण करायची. पुढच्या चिठ्ठीत, आमटी सांडली त्या डब्याच्या तळाला ती खूण दिसते का, एवढंच विचारायचं.